खोडलेलं सातवं कलम

फरीदाबाद, ५ ऑक्टोबर २००३

प्रिय आत्या,
जय भीम.
आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. तू नागपुरात दीक्षाभूमीवर असशील. इथे आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. काल बाबांनी मला पट्ट्याने मारलं.

अश्लेषाचा वाढदिवस होता. अश्लेषा म्हणजे माझी अकरावीतली मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहते. आठला येते सांगून गेले आणि साडेनऊला आले. मोबाइल पर्समध्ये होता, आवाज बंद. बाबांचे अकरा मिस्ड कॉल. दार उघडल्या उघडल्या त्यांनी पहिलं काय विचारलं माहितेय? "किती वाजले?" मी सांगायच्या आत पट्टा बसला. पाठीवर तीन, पायावर दोन. आई मध्ये आली तर एक तिच्या हातावर. मग त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला, वर्गातल्या जयेशचे दोन मेसेज वाचले आणि फोन भिंतीवर फेकला. जयेशने फिजिक्सच्या टेस्टची तारीख विचारली होती, बस्स.

आत्या, मी सोळा वर्षांची आहे. सगळ्या मुली नऊपर्यंत बाहेर असतात. बाबा म्हणतात सात म्हणजे सात. शिकवणीच साडेसातला सुटते! आज सकाळी म्हणाले, असंच चालणार असेल तर तुला ताईकडे नागपूरला पाठवतो, शाळाही तिथेच. सॉरी, पण मला तिकडे शिक्षा म्हणून यायचं नाही. ते फक्त तुझं ऐकतात. काहीतरी कर.
तुझी
दीपमाला

---

नागपूर, ८ ऑक्टोबर २००३

चि. दिपूस आशीर्वाद.
पत्र मिळालं. पाठीला हळद-तेल लाव आणि आईच्या हाताला पण लाव. तिला तू विचारलं नसशील.

मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे सगळं कागदावर. त्याचा एक फायदा असतो, कागदावर ओरडता येत नाही. तू कागदावरच भांड. तुझा बाप मानेसरच्या कारखान्यात मशीनची तपासणी करतो, त्याला रडणं कळत नाही, फॉर्म कळतो. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत काढली, शेवटी हेडमास्तरीण होते. किती बापांना मी फॉर्मवर आणलंय म्हणून सांगू!

तर ऐक. आधी तुला काय हवं ते लिही, मग त्याला कशाची भीती वाटते ते त्यालाच लिहायला लाव. "काळजी" असं मोघम नको, नेमकी कशाची ते. तू नऊ मागशील, तो सात म्हणेल. शिकवणी सुटायची वेळ, ऑटोची वाट, चालायची मिनिटं यांची बेरीज करा, मध्ये कुठेतरी आकडा सापडेल. उशीर कोणाच्या घड्याळाने मोजायचा ते आधी ठरवा. वाल्मीक घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतो, मला माहीत आहे. चूक झाली तर काय, तेही आधीच लिहा, रागाच्या भरात शिक्षा ठरवायची नाही. आणि सगळं कायमचं नको. आठ आठवड्यांची परीक्षा, मग एका ठरलेल्या रविवारी बसून फेरविचार. तारीख आत्ताच घाला, नाहीतर तो रविवार कधी उगवत नाही.

दोन कलमं माझी. सातवं: अडकलीस, घाबरलीस, कुठेही, कितीही वाजता, घरी तीन रिंग देऊन फोन ठेवायचा. बाप येऊन घेऊन जाईल. त्या संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा नाही, उशीर धरायचा नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी. आठवं: घरात कोणी कोणावर हात उचलायचा नाही.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकणार, पण हाकणार.
तुझी आत्या कमलाबाई

---

फरीदाबाद, १४ ऑक्टोबर २००३

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.
तुझ्या भाचीने रविवारी मला चार तास समोर बसवलं. हेमलता चहा करून थकली. कराराची प्रत सोबत आहे, सह्या तिघांच्या. खरं सांगू? मला आवडलं. कारखान्यात नवं मशीन आलं की आम्हीही असाच ट्रायल घेतो.

घरी यायची वेळ सव्वाआठ. साडेसातला शिकवणी सुटते, पंचवीस मिनिटं ऑटो, बारा मिनिटं चालणं, उरलेली सवलत. वेळ टीव्हीच्या बातम्यांच्या घड्याळाने. दहा मिनिटांच्या वर उशीर झाला तर फ्रिजवरच्या तक्त्यावर लाल खूण. पंधरा दिवसांतून एका शनिवारी मैत्रिणीकडे नऊपर्यंत, त्या घरचा फोन नंबर आधी देऊन. नवा मोबाइल मीच आणला. तो फ्रिजवर राहील, चारला तिने घ्यायचा, घरात पाऊल टाकलं की परत ठेवायचा. मेसेज मी वाचणार नाही. त्या बदल्यात दर रविवारी तिने कोणाकोणाला फोन केले ती यादी दाखवायची. ही देवाणघेवाण तिने केली, वकील होईल पोरगी. तीन लाल खुणा झाल्या तर जानेवारीपासून ती तुझ्याकडे. फेरविचार रविवार, ७ डिसेंबर, सकाळी दहा.

तुझं सातवं कलम मात्र मी खोडलं. रागावू नकोस. अशी पळवाट ठेवली तर रोज तीन रिंग वाजतील. आमच्या कारखान्याच्या गेटवर "अडकलो होतो" असं सगळेच म्हणतात, म्हणून ते कोणाचंच चालत नाही. आठवं ठेवलंय. दिपू विचारत होती, बाबांनी मोडलं तर काय? मी म्हटलं, मी मोडणारच नाही. तिथली जागा कोरी आहे.

तू म्हणशील पट्टा का घेतला. ताई, इथली वर्तमानपत्रं तू वाचत नाहीस. या नव्या सेक्टरांत निम्मे प्लॉट रिकामे आहेत. सव्वानऊपर्यंत मी ते सगळे पायी फिरलो त्या रात्री.
तुझा
वाल्मीक

---

फरीदाबाद, ९ नोव्हेंबर २००३

प्रिय आत्या,
जय भीम.
चार हफ्ते झाले. (आठवडे! आठवडे! तू लाल शाईने गोल करशील.) बाबा बिल्कुल रेफरीसारखे वागतात. मी आले की टीव्हीकडे बघतात, तक्त्यावर मिनिट लिहितात आणि मग "जेवलीस का" विचारतात. पहिल्या रविवारी नंबरांची यादी दाखवताना लाज वाटली मला. त्यांनी नुसती वरून खाली पाहिली आणि "ठीक" म्हणाले. मेसेज उघडले नाहीत. मी दाराआड उभी राहून बघत होते.

अश्लेषाकडच्या शनिवारी मी आठ पन्नासला घरी! आई हसली. खूप दिवसांनी हसली.

पण दोन लाल खुणा झाल्यात. एकदा सरांनी टेस्ट लांबवली. दुसऱ्यांदा आमच्या ऑटोवाल्याला एका गाडीवाल्याने खाली ओढून तोंडावर हाणलं, कारण आरसा घासला. रॉडने, आत्या. कान फुटला त्याचा. सगळ्या सवाऱ्या खाली उतरून बघत राहिल्या, मीपण. मग चालत आले. तेवीस मिनिटं उशीर. मी कारण सांगितलं तर बाबा म्हणाले, कारणांचा रकाना नाही तक्त्यात.

आता अंधार सहालाच पडतो. ऑक्टोबरमध्ये ठरवलं तेव्हा हे कोणी मोजलं नव्हतं. मी हे सात तारखेसाठी लिहून ठेवलंय. अजून एक खूण झाली की संपलं, म्हणून मी आता शेवटचं गणित सोडून वर्गातून पळते. चार हफ्ते काढायचेत.
तुझी दिपू

---

नागपूर, १५ नोव्हेंबर २००३

चि. दिपूस आशीर्वाद.
शाबास. यादी दाखवायला लाज वाटली तरी दाखवलीस, तो विश्वास जमा होतो. अंधाराचा मुद्दा उत्तम आहे, तारीखवार लिही.

पण वर्गातून पळतेस हे मला आवडलं नाही. वेळ पाळायची म्हणून जीव धोक्यात घालायचा नाही, कळलं? चांगला, दिव्यांचा, माणसांचा रस्ता असेल त्याच रस्त्याने यायचं. लाल खूण पुसता येते.

त्या ऑटोवाल्याच्या कानाबद्दल वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. डॉक्टरकडे गेला का तो?
आत्या

---

फरीदाबाद, २६ नोव्हेंबर २००३

प्रिय आत्या,
अक्षर वाईट आहे, डाव्या हाताने लिहितेय. काल पडले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. तिसरी लाल खूण झाली. मी जानेवारीत तुझ्याकडे येते. माझ्यासाठी खोली वगैरे आवरू नकोस, कुठेही झोपेन.
दीपमाला

---

फरीदाबाद, २६ नोव्हेंबर २००३

ती. ताईस,
जय भीम.
शेवटी व्हायचं तेच झालं. काल दिपू आठ सदतीसला आली. बावीस मिनिटं. कपडे मातीने माखलेले, ओढणी नाही, कुडत्यावर रक्त. काय झालं विचारलं तर "पडले". रक्त कुठलं तर "नाकातून आलं". नाक तर धडधाकट होतं. ताई, मी माणसं तपासत नाही, यंत्रं तपासतो, पण खोटं मला कळतं. कोणाबरोबर होतीस म्हणून विचारलं. तीनदा विचारलं. मग माझा हात उठला. दोन थोबाडीत. ती भिंतीवर आपटली आणि मनगट धरून ओरडली तेव्हा हेमलता तिला घेऊन दवाखान्यात गेली. मी गेलो नाही. डॉक्टर म्हणाला मोडलंय.

तिन्ही खुणा झाल्या, कराराप्रमाणे तिला जानेवारीत तुझ्याकडे आणतो. हेमलता कालपासून माझ्याशी बोलत नाही. फेरविचार सात तारखेला आहे, पण त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.
वाल्मीक

---

नागपूर, ३० नोव्हेंबर २००३

वाल्मीक,
आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

तीन खुणा लिहिल्यास. चौथी कुठे आहे? आठव्या कलमाची? तुझ्या सहीखाली ते कलम आहे, माझ्यासमोर प्रत आहे. कुंपणच शेत खाणार असेल तर पोरीने तक्ता कोणाच्या फ्रिजवर लावायचा?

आता जे चाळीस वर्षं बोलले नाही ते सांगते. माझा डावा कान तापाने गेला असं सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच पाठ आहे. तो तापाने गेला नाही. मी पंधरा वर्षांची होते, वाचनालयातून येत होते. जवळची वाट दारूच्या दुकानामागून होती, तिथे चार जण बसलेले दिसले. मी मागे वळले आणि मोठ्या रस्त्याने आले. उशीर झाला. आपल्या बापाने, दादांनी, दारातच कानाखाली मारली, मी उंबऱ्यावर पडले, त्यांनी परत उठवून त्याच कानावर मारली. रक्त आलं. कुठून आलीस, कोणाबरोबर होतीस, हेच विचारत होते. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वाचनालय बंद झालं असतं. दुसऱ्या कानाने पुढे त्या कानाच्या मागोमाग साथ सोडली.

मी लांबचा रस्ता धरला आणि कान गेला. तुझ्या पोरीने कोणता रस्ता धरला ते तिला विचार. "कोणाबरोबर होतीस" असं विचारू नकोस. कोणता रस्ता, एवढंच विचार, आणि हात मांडीखाली दाबून बस.

ती इथे आली तर माझी भाची म्हणून येईल, शिक्षा म्हणून नाही. माझं घर तुझा तुरुंग नाही.
कमलाताई

ता. क. सोबतची चिठ्ठी दिपूला न उघडता दे.

---

(सोबतची चिठ्ठी)

दिपू,
पडल्यावर माणूस हात टेकतो, ओढणी हरवत नाही. मी हेडमास्तरीण होते, हजार मुली माझ्यासमोर "पडल्या" आहेत.

काय झालं ते लिही. डाव्या हाताने, कितीही वेळ लागू दे. तुझी चूक कुठे होती हे मी विचारणारच नाही. कोणाला सांगायचं ते तू ठरव.
तुझीच आत्या

---

फरीदाबाद, ३ डिसेंबर २००३

आत्या,
हे पत्र दोनदा लिहिलं. दुसरी प्रत मी रविवारी बाबांपुढे ठेवणार आहे. वाचून दाखवणं जमेल असं वाटत नाही.

त्या मंगळवारी शिकवणी सात पन्नासला सुटली. चौकात बारात होती. घोडा, बँड, सगळा रस्ता अडलेला, एक माणूस पिस्तुलाने हवेत गोळ्या उडवत होता. एकही ऑटो पुढे येईना. मोबाइल माझ्या हातात होता. आत्या, मी घरचा नंबर दाबलासुद्धा, आणि एक रिंग जायच्या आत कापला. सांगितलं असतं तर उशीर होणार हे मीच कबूल केलं असतं. तिसरी खूण. मी हिशोब केला, प्लॉटांमधून गेले तर आठ चोवीस होतील. दहा मिनिटांच्या आत.

तिथे दिवे नाहीत. अर्धवट बांधलेल्या भिंती आणि विटांचे ढीग. मोटरसायकलवर दोघं आले, दिवा बंद करून. एकाने ओढणी ओढली, ती गळ्याला आवळली, मी मागे पडले. दुसऱ्याने हात पिरगाळला. कट असा आवाज आला. तो हसत होता, "इतनी जल्दी किधर?" माझ्या डाव्या हाताला वीट लागली. मी ती त्याच्या तोंडावर मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा तो ओरडायचा थांबला आणि तोंडातून दात आणि रक्त माझ्या कुडत्यावर पडलं. दुसरा त्याला ओढायला लागला, मी त्याच्याही गुडघ्यावर वीट घातली आणि पळाले. मला वाटलं मी माणूस मारला. अजून वाटतं. रोज पेपरात शोधते.

पळताना मी घड्याळ बघत होते. खरंच. मरता मरता वाचले आणि मी आठ पंचवीस व्हायच्या आत पोचते का ते बघत होते.

घरी बाबांनी विचारलं, कोणाबरोबर होतीस. दोन माणसांबरोबर, असं सांगणार होते. मग वाटलं, हे कळलं तर शिकवणी बंद, शाळा बंद, सगळंच बंद. म्हणून गप्प राहिले. हात त्यांनी मोडला नाही, आधीच मोडला होता. पण त्यांनी मारलं तेव्हा मी भिंतीजवळ वीट शोधली. हे मला तुला सांगायचं होतं. बाबांसाठी. मी वीट शोधली.
दिपू

---

फरीदाबाद, १२ डिसेंबर २००३

ती. ताईस,
जय भीम.
रविवारी दहाला बसलो. दिपूने पत्र ठेवलं. मी दोनदा वाचलं. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. हेमलता सांगते, मी स्कूटरची किल्ली आणि स्वयंपाकघरातला बत्ता घेऊन दाराकडे निघालो होतो. त्या दोघांना शोधून त्यांची डोकी फोडणार होतो. हेमलता दारात आडवी उभी राहिली. अठरा वर्षांत ती माझ्यापुढे अशी कधी उभी राहिली नव्हती. म्हणाली, "आधी स्वतःच्या हाताकडे बघा. त्यांना नंतर शोधा." बत्ता तिने काढून घेतला.

मग तिघं चौकीवर गेलो. हवालदार विचारायला लागला, मुलगी त्या वेळी तिथे कशाला गेली होती? ताई, मी म्हटलं, माझ्यामुळे. ते लिहून घ्या. त्याने लिहिलं नाही, पण तक्रार घेतली. चौकीच्या नोंदींवरून दिपूला एवढं समजलं की त्या रात्री कोणी मेलेलं नाही. ती चौकीच्या बाकावर बसून तासभर रडली. मी शेजारी बसलो होतो, हात मांडीखाली.

फेरविचार दुपारी पुरा केला. अंधाराच्या तारखा तिने लिहून आणल्या होत्या, बरोबर होत्या. हिवाळ्यात शिकवणीहून मी आणायचं किंवा अश्लेषाच्या वडिलांनी, आळीपाळीने. तक्त्यात कारणांचा रकाना घातला. तिच्या तिन्ही खुणा पुसल्या. मोबाइल रात्री दहापर्यंत तिच्याजवळ, मग फ्रिजवर. यादी आता महिन्यातून एकदा. नवी मुदत ३१ जानेवारी, फेरविचार १ फेब्रुवारी. नागपूरला यायचं की नाही ते तिलाच विचारलं. म्हणाली, उन्हाळ्यात येईन, सुट्टीला. तीन खुणांवाली अट तिने स्वतः फाडली.

आठव्या कलमापुढची कोरी जागा हेमलताने भरली. तिने लिहिलं आहे: "बाबांनी हात उचलला तर घर बाबांनी सोडायचं, महिनाभर. मुलीने नाही." मी खाली सही केली. लाल पेन घेऊन २५ नोव्हेंबरच्या रकान्यात माझ्या नावापुढे खूण केली. ४ ऑक्टोबरला तक्ता नव्हता, नाहीतर तिथेही केली असती. सातवं कलम माझ्या अक्षरात परत लिहिलं.

आता तुझ्या पत्राचं. तुला वाटतं मला माहीत नव्हतं. ताई, मी नऊ वर्षांचा होतो आणि त्याच आठवड्यात घड्याळ वाचायला शिकलो होतो. दादांनी दारातून मला हाक मारली, "वाल्या, किती वाजले बघ." मी पळत गेलो, काटे नीट बघितले आणि मोठ्याने सांगितलं, आठ वाजून दहा. बरोबर सांगितलं म्हणून मला आनंद झाला होता. मग तुझा आवाज ऐकला. ताप वगैरे मी कधीच मानलं नाही. मी फक्त विचारलं नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

काल गुरुवार. माझी पाळी नव्हती. अश्लेषाच्या वडिलांची गाडी बंद पडली. घरच्या फोनची एक रिंग वाजली, दुसरी, तिसरी, आणि थांबली. मी चप्पलही नीट घातली नाही. पोरगी शिकवणीच्या दाराशी दिव्याखाली उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. मला बघून तिचा चेहरा जरा आकसला, सवयीने. मी काही विचारलं नाही. ती मागे बसली. अर्ध्या रस्त्यात तिने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, पडू नये म्हणून असेल.

घरी आलो. टीव्हीवर बातम्या चालू होत्या. किती वाजले होते ते मी पाहिलं नाही.
तुझा
वाल्मीक